आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं : फोटोखाली काय लिहू?

ऋतुजा_इंदूर

नमस्कार मंडळी. येत्या ३ जूनला माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. घरच्यांनी रामबागेत एक छोटा हॉल घेतलाय, सत्तर-ऐंशी माणसं येतील. हॉलच्या दारात दोघांचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो मोठा करून लावायचाय, तीन बाय चार फूट. त्याच्याखाली लिहायच्या मजकुराचं काम माझ्याकडे आलंय. तोच फोटो आणि तोच मजकूर मी फोनवरही टाकणार आहे.

आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून मी वाढले आजी-आजोबांकडेच. दुपारी आजीच्या गोष्टी, संध्याकाळी आजोबांच्या. त्यातही गंमत अशी की गोष्ट एकच, पण दुपारी एक घडायचं आणि संध्याकाळी दुसरंच. त्यामुळे लिहायला हातात खूप आहे आणि लिहायला बसलं की सुचत काहीच नाही. हा पहिला मसुदा:

"दोन जीव, एक प्रवास! प्रेम, विश्वास आणि त्यागाची सोनेरी ५० वर्षं. गिरणीच्या भोंग्यापासून नर्मदेच्या पाण्यापर्यंत, पाताळपाणीच्या कलाकंदापासून सराफ्यातल्या गराडूपर्यंत एकमेकांना साथ देणाऱ्या आमच्या लाडक्या आजी-आजोबांना ५० व्या लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

वाचायला बरं वाटतं, पण हे मी लिहिलंय असं वाटत नाही. काय करू?

भुकेला_भिया

आजी-आजोबांना नमस्कार सांग! सकाळी असेल तर पोहे-जिलबी ठेवाच, पण पोह्यांवर जीरावन आणि शेव वेगळी ठेवा, पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर त्यांना आधीच घालून दिलेलं चालत नाही. संध्याकाळी असेल तर भुट्ट्याचा कीस. सत्तर माणसांना किती कणसं लागतील ते मी सांगतो.

ऋतुजा_इंदूर

भिया, खाण्याचं काम काकाकडे आहे. कणसांचं त्याला नक्की विचारायला सांगते. मला फोटोखालच्या चार ओळी हव्यात.

निशिगंध

"५० व्या लग्नाच्या वाढदिवसाच्या" वाचून मी दचकलेच. आजोबांची आधीची ४९ लग्नं कुठे झाली? "लग्नाच्या ५० व्या वाढदिवसाच्या" कर, नाहीतर दारातच हशा.

पक्का_पुणेकर

भाषेचं झालं, आता हिशोब बघा. माणसाला पन्नासावं वर्ष लागतं ते ४९ पूर्ण झाल्यावर. तसंच लग्नाचं. म्हणजे पन्नासावं वर्ष गेल्या जूनमध्येच लागलं, पन्नासावा वाढदिवस २०२५ लाच झाला. आता एक्कावन्नावा आहे.

मालवी_मावशी

पुणेकर, पन्नासावं वर्ष गेल्या जूनमध्ये लागलं, इथवर बरोबर. पण वाढदिवस मोजताना मूळ दिवस धरत नाहीत. लग्न जून १९७६ चं, पहिला वाढदिवस जून १९७७, तर पन्नासावा जून २०२६. ऋतुजा, तुझा आकडा बरोबर आहे. तरी पाहुण्यांत असा हिशोब करणारे निघतातच, म्हणून "लग्नाला ५० वर्षं झाली" एवढंच लिहिलंस तर कुणाला बोटं मोडावी लागणार नाहीत.

आता मजकुराचं. मी तीस वर्षं एका मासिकात छायाचित्रांखालच्या ओळी लिहिल्या, म्हणून स्पष्ट सांगते. तुझ्या मसुद्यातला पहिला अर्धा भाग कुणाच्याही आजी-आजोबांना लागू पडेल. दुसऱ्या अर्ध्यात तुझ्या घरातल्या चार गोष्टी आहेत, पण त्या फक्त नावानं आल्यात. गिरणीच्या भोंग्याची गोष्ट तुला माहीत आहे. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला नुसता भोंगा ऐकू येतो, गोष्ट नाही. चार गोष्टींची नावं घेण्यापेक्षा एक गोष्ट सांग.

आणि कुठली सांगायची ते फोटोलाच ठरवू दे. माणूस आधी फोटो बघतो, मग खाली वाचतो, मग परत फोटोकडे बघतो. त्या दुसऱ्या वेळी त्याला आधी न दिसलेलं काही दिसलं, तर मजकूर जमला. फोटोत दोघं नवरा-बायको आहेत हे त्याला दिसतंच आहे, ते पुन्हा सांगायला नको. तर फोटोत काय काय आहे ते मला नीट सांग. अगदी बारीकसारीकसुद्धा.

ऋतुजा_इंदूर

मावशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फोटो समोर घेऊन लिहिते.

काळा-पांढरा. आजोबा खुर्चीवर बसलेत, कोट आणि काळी टोपी, हात गुडघ्यांवर ताठ. आजी त्यांच्या बाजूला उभी, नऊवारी, नथ, हातभर बांगड्या. मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक कमान आणि जिना. आजीचा एक डोळा नीट उघडा आहे आणि दुसरा अर्धा मिटल्यासारखा, पापणी जरा जड. मोठा करायला दुकानात दिला तेव्हा दुकानदार म्हणाला, "डोळा नीट करून देऊ का, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं विचारून सांगते.

कारण त्या डोळ्याचीच आमच्या घरातली सगळ्यांत जुनी गोष्ट आहे. लग्न खंडव्याला झालं, आजीच्या माहेरी. वरात मीटरगेजच्या गाडीनं इंदूरला परत येत होती. आजी खिडकीशी बसली होती. आजी सांगते, इंजिनातल्या कोळशाची कणी डोळ्यात गेली, पाणी थांबेना. आजोबा उठून समोर आले, उपरण्याचं टोक गोळा केलं, त्यावर तोंडाची वाफ घेतली आणि पणजीसमोर, सगळ्या वऱ्हाडासमोर आजीच्या डोळ्याला लावलं. तोपर्यंत दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. आजोबांची गोष्ट वेगळी. ते म्हणतात, "कणी कसली, माहेर सुटलं म्हणून रडत होती. मी आपलं लोकांना सांगितलं कणी गेली म्हणून, तिला अवघड वाटू नये." यावर आजी दर वेळी म्हणते, "मी रडत नव्हते." पन्नास वर्षं हे चाललंय.

पुढे पाताळपाणीला गाडी थांबली तेव्हा आजोबांनी उतरून पानातला कलाकंद आणला, अशी गोष्ट संपते.

मालवी_मावशी

अगं, मग तुझा मजकूर त्या पापणीतच आहे! दुकानदाराला आत्ताच्या आत्ता फोन कर आणि डोळ्याला हात लावू नको म्हणून सांग.

ऋतुजा_इंदूर

केला. म्हणाला, "अच्छा नहीं दिखेगा." मी म्हटलं, तसंच हवंय.

निशिगंध

उपरण्याचं टोक आणि तोंडाची वाफ. माझी आजी अशीच काढायची कणी. वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं आणि माझ्याकडे कोळशाचं निमित्तही नाही.

खंडवेकर

माझे वडील त्या मार्गावर होते, महूला रेल्वेचं घर होतं आमचं. म्हणून एक दुरुस्ती, आणि ती मजकुरात जाणार असेल तर महत्त्वाची. कलाकंद पाताळपाणीचा नाही, कालाकुंदचा.

खंडव्याहून इंदूरकडे येताना सनावद, मग मोरटक्क्याला नर्मदेचा पूल, बडवाह, चोरल, कालाकुंद, आणि तिथून घाट चढून पाताळपाणी, मग महू. कालाकुंद घाटाच्या पायथ्याशी. तिथे गाडीला मागून दुसरं इंजिन लावायचे, ते ढकलत वर न्यायचं. इंजिन जोडायला वेळ लागायचा म्हणून गाडी तिथे चांगली थांबायची आणि लोक उतरून पळसाच्या पानातला कलाकंद घ्यायचे. त्या गावाचा कलाकंद प्रसिद्ध झाला त्यात या थांब्याचाही मोठा हात आहे. तुझे आजोबा निवांत उतरून कलाकंद आणू शकले ते त्यामुळेच.

आणि कणीचं म्हणशील तर ती खरी असायला पूर्ण वाव आहे. कोळशाचं इंजिन चढावर जोर लावतं तेव्हा धुराबरोबर कोळशाचे बारीक तुकडे उडतात. कालाकुंद ते पाताळपाणी जेमतेम साडेनऊ किलोमीटर, पण सगळा चढ, वळणं आणि बोगदे, आणि पुढे एक, मागे एक अशी दोन इंजिनं. आई आम्हांला त्या टप्प्यात खिडक्या लावायला लावायची. नवी नवरी खिडकीशी बसलेली, तिला कोण सांगणार खिडकी लाव म्हणून?

पण मग क्रम बघ. कणी घाटात गेली असेल तर ती कलाकंदाच्या नंतर. तुझ्या गोष्टीत आधी कणी आणि मग कलाकंद आहे. आजीला विचार, डोळ्याला पाणी आलं ते कालाकुंदच्या आधी की नंतर.

भुकेला_भिया

कालाकुंदचा कलाकंद! सत्तर माणसांना पळसाच्या पानात एकेक वडी. ऋतुजा, काकाला सांग, गोड ठरलं.

खंडवेकर

भिया, या वेळी तुम्ही मुद्द्याचं बोललात. मीटरगेजची नेहमीची गाडी आता बंद झाली, पण पाताळपाणी ते कालाकुंद हेरिटेज गाडी २०१८ साली सुरू झाली आहे. ती चालू असेल त्या दिवसांत कुणीतरी जाऊन आणू शकेल.

छायाचित्री

ग्वाल्हेरला आमचा स्टुडिओ होता, वडिलांचा आणि मग माझा. एक प्रश्न. फोटोत आजींची नथ कुठल्या बाजूला आहे? त्यांची स्वतःची डावी की उजवी? आणि मिटलेला डोळा कुठला?

ऋतुजा_इंदूर

नथ तिच्या उजव्या नाकपुडीत दिसतेय. मिटलेला डोळाही उजवा.

छायाचित्री

मग फोटो उलटा झालाय. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. आजोबांच्या कोटाची बटणंही बघा, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. ती उजवी वर असेल तर शंकाच नको. फोटो निगेटिव्हवरून केलाय का?

ऋतुजा_इंदूर

हो! आजोबांनी निगेटिव्ह एका पाकिटात जपून ठेवली होती, दुकानात तीच दिली. कोटाची उजवी बाजू वर आहे. आत्ता अल्बममधला मूळ फोटो काढून बघितला, त्यात नथ डावीकडे आणि डोळाही डावा! इतके दिवस मी उलटा फोटो बघत बसले होते.

छायाचित्री

फार होतं असं. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे ठेवून बघितलं की चित्र सरळ दिसतं. दुकानात मंद बाजूनं स्कॅन केलं असणार. पुन्हा करायची गरज नाही, संगणकावर आडवं उलटवलं की झालं. पण मजकुरात "डावा डोळा" लिहिणार असाल तर आधी हे करून घ्या, नाहीतर लोक भलत्याच डोळ्याकडे बघतील.

आणखी एक. त्या काळी निगेटिव्हच्या मंद बाजूवर आम्ही टोकदार पेन्सिलनं हात फिरवायचो. डोळ्यांखालची काळसर वर्तुळं, पुरळ, सगळं त्यानं हलकं व्हायचं. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत ते कळत नाही, तीन फुटांवर मात्र बारीक रेघा दिसू शकतात. दिसल्या तर राहू द्या. कुणीतरी तुमच्या आजीच्या चेहऱ्यावर अर्धा तास बसून काम केलंय त्याची ती खूण आहे. पापणी मात्र पेन्सिलनं उघडता येत नाही, म्हणून ती तशीच राहिली.

मूळ फोटोच्या मागे काही लिहिलंय का, तेही बघा. आम्ही मागे पेन्सिलनं तारीख टाकायचो.

ऋतुजा_इंदूर

आहे! "६.६.७६". लग्न ३ तारखेला, परतीचा प्रवास ४ ला, म्हणजे फोटो प्रवासानंतर दोन दिवसांनी काढलाय.

पक्का_पुणेकर

एक शंका येते. कणी गेली ४ तारखेला, फोटो ६ ला. कणी निघाल्यावर दोन दिवस डोळा सुजलेला राहतो का? मला वाटतं फोटो काढताना डोळे मिटले असतील, एवढंच.

छायाचित्री

पापणी लवली असती तर दोन्ही डोळे मिटले असते, इथे एकच आहे. डोळा फार चोळला तर दोन दिवस जड राहू शकतो. पण एका बाजूनं दिवा डोळ्यावर येत असला तरी माणूस तो डोळा बारीक करतो, आणि आमच्या स्टुडिओत मोठा दिवा एकाच बाजूला असायचा. फोटो समोर नाही, त्यामुळे छातीवर हात ठेवून मी कुठलंच सांगणार नाही.

मालवी_मावशी

मग मजकुरानंही सांगू नये. "कणीमुळे डोळा सुजलाय" असं न लिहिता "फोटोतला डावा डोळा बघा" एवढंच लिहावं. ज्याला जे दिसेल ते दिसेल.

बडोदेकर_सून

माझा अनुभव सांगते, म्हणजे तू माझी चूक करणार नाहीस. बडोद्याला माझ्या सासू-सासऱ्यांच्या पन्नाशीला मी असाच मजकूर लिहिला होता. सासरे कसे नोकरीसाठी आले, त्यांनी कसं घर उभं केलं, सासूबाईंना कसं शिकवलं, कसं फिरायला नेलं. सगळ्यांनी वाहवा केली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी भाजी निवडताना म्हणाल्या, "छान लिहिलंस हो. मी काय केलं ते तेवढं राहिलं."

मी परत वाचलं. एकूण एक वाक्यात करणारे सासरे, आणि सासूबाईंना काही ना काही केलं जात होतं. एकही क्रियापद त्यांचं नव्हतं. मनात तसं काही नव्हतं, पण लिहिताना झालं. अजून सलतं ते.

तुझ्या गोष्टीतही आजोबा उठले, आजोबांनी वाफ घेतली, आजोबांनी कलाकंद आणला. आजी नुसती बसलेली आहे. तिला काहीतरी करू दे.

ऋतुजा_इंदूर

बडोदेकरताई, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या गोष्टीत आजी काय करते? ती "मी रडत नव्हते" म्हणते. पन्नास वर्षं मागे हटत नाही. तेच तिचं.

दुसरा मसुदा:

"४ जून १९७६. खंडव्याहून इंदूरला येताना घाटात आजीच्या डोळ्यात कोळशाची कणी गेली. आजोबांनी उपरण्याच्या टोकानं ती काढली. फोटोतला डावा डोळा बघा. आजोबा म्हणतात, ती रडत होती. आजी म्हणते, मी रडत नव्हते, कणीच होती. आम्ही नातवंडं दोन्ही गोष्टी ऐकत वाढलो. लग्नाला ५० वर्षं झाली, भांडण अजून चालू आहे."

निशिगंध

हेच! हेच! आता हे तुझं वाटतं.

मालवी_मावशी

फार छान. दोन गोष्टी सांगते. "कणी गेली" हे तू ठामपणे सांगतेस आणि मग आजोबांचं म्हणणं देतेस. म्हणजे तू आधीच आजीच्या बाजूनं निकाल देऊन मोकळी झालीस. आजोबा वाचतील तेव्हा त्यांना ते लागेल. "डोळ्यात पाणी आलं" लिही, ते दोघांनाही मान्य आहे. आणि "भांडण" हा शब्द घरात गोड असतो. दारात, आल्या-गेल्यासमोर, तो वेगळा वाजतो. "अजून एकमत नाही" चालेल.

बडोदेकर_सून

मला "भांडण"च आवडलं, मावशी. पन्नास वर्षं टिकलेलं भांडण आहे, त्याला एकमत-बिकमत म्हटलं की सभेचा ठराव वाटतो.

मालवी_मावशी

बरं, तेही खरं. ऋतुजानं ठरवावं.

पंचांगप्रेमी

मजकुराचं तुम्ही बघताच आहात. पण ३ जून २०२६ अधिक महिन्यात येतो, हे कुणी बघितलं का? यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. लग्नपत्रिका असेल तर काढा, त्यावर तिथी असेल.

ऋतुजा_इंदूर

काका, हा विषय घरात महिनाभर गाजतोय. पत्रिका आहे. "शके १८९८, नलनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध", पुढची तिथी घडीत फाटलीय. आत्या म्हणते अधिक महिन्यात कार्य करायचं नाही, निज ज्येष्ठात तिथीनं करा, म्हणजे १५ जूननंतर. बाबा म्हणतात सगळ्यांच्या लक्षात ३ जून आहे आणि हॉलचे पैसे भरलेत. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही दिवशी करा, जेवायला मी आहेच."

पंचांगप्रेमी

लग्न-मुंज अधिक महिन्यात करत नाहीत. लग्नाचा वाढदिवस हे तसं कार्य नाही, चार माणसांनी जेवणं याला कुठे मुहूर्त लागतो? आत्याबाईंना पूजा करायची असेल तर ती निज ज्येष्ठात घरीच करावी.

ऋतुजा_इंदूर

आत्याला वाचून दाखवलं. "बघू" म्हणाली. आमच्या आत्याचं "बघू" कुठल्याही बाजूनं जाऊ शकतं.

अक्षरजुळारी

मी इंदूरलाच छपाईचं अक्षरजुळणीचं काम करतो, रोज हाच त्रास बघतो म्हणून सांगतो. मजकूर दुकानात कागदावर लिहून देऊ नका. टाइप करणारा मुलगा हिंदीचा असतो, हिंदीचा जुना फॉन्ट वापरतो. तुमचा "कोळसा" छापून "कोलसा" येईल, "काढणाऱ्या"चा ऱ्या फुटेल, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी उभी रेघ येईल. फोनवरून मजकूर पाठवला तरी त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये तो उमटत नाही, म्हणून तो पुन्हा टाइपच करतो.

उपाय सोपा आहे. तुम्ही स्वतः युनिकोड मराठी फॉन्टमध्ये मजकूर मांडा, पीडीएफ करा आणि ती पीडीएफच फोटोखाली बसवायला सांगा. छापण्याआधी नमुना मागा आणि त्यात फक्त "ळ" आणि "ऱ्या" शोधा. ते दोन बरोबर असतील तर बाकीचंही बहुधा बरोबर असतं.

अक्षराचा आकारही सांगतो. तीन फुटी फोटोसमोर माणूस पाच-सहा फुटांवर उभा राहतो. अक्षर निदान दोन सेंटिमीटर उंच हवं, तुमच्या पाहुण्यांत वयस्क जास्त असतील. त्या मापात तुमचा मजकूर सहा-सात ओळी होईल. जरा कमी केलात तर बरं.

निशिगंध

फोनवर टाकताना अजून एक बघ. तिथे वरच्या दोनच ओळी दिसतात, बाकीचं "more"च्या खाली जातं. तारखेनं सुरुवात केलीस तर तारीख आणि गावंच दिसतील. डोळ्यानं सुरुवात कर.

खंडवेकर

ऋतुजा, आजीला विचारलंस का, कालाकुंदच्या आधी की नंतर?

ऋतुजा_इंदूर

काल दुपारी विचारलं. मजकुराचं तिला काही कळू दिलं नाही, कलाकंद आणायचाय म्हणून विषय काढला. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "कालाकुंदच्या आधीच. चोरल गेलं होतं. तुझे आजोबा कलाकंद घेऊन आले तेव्हा डोळा बांधलेलाच होता, एका डोळ्यानं खाल्ला."

मी म्हटलं, पण आजी, एक जण सांगतात की कणी उडायच्या त्या घाटात, कालाकुंदच्या पुढे. चोरलला गाडी एवढी जोर लावत नव्हती.

तिनं शेंग हातात धरली आणि थोडा वेळ काही बोलली नाही. मग जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, "हे तुझ्यापाशीच ठेव" असं ती म्हणालीय. आजोबा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते.

खंडवेकर

सपाटीवरही कणी उडायच्या बरं का, गाडी सुटताना, वाऱ्याची दिशा असेल तर. असं काही नाही की घाटातच.

ऋतुजा_इंदूर

हो काका, तेही तिला सांगितलं. "बघ!" म्हणाली आणि हसली.

मजकूर आज पक्का केला. पीडीएफ केली, फोटो सरळ करून घेतला, नमुन्यात "ळ" शाबूत आहे. "घाटात" काढलं. "मी रडत नव्हते"ही काढलं. "भांडण" ठेवलं.

"फोटोतला आजीचा डावा डोळा बघा. ४ जून १९७६ ला खंडव्याहून इंदूरला येताना गाडीत त्याला पाणी आलं, आणि आजोबांनी सगळ्यांसमोर उपरण्यानं ते टिपलं. आजी सांगते, कोळशाची कणी होती. आजोबा सांगतात, नव्हती. लग्नाला ५० वर्षं झाली, भांडण चालू आहे. आम्ही नातवंडं दोन्ही गोष्टींवर वाढलो."

बडोदेकर_सून

आधी आजी "म्हणते" होतं, आता "सांगते" केलंस. बरोबर केलंस.

भुकेला_भिया

आणि कलाकंद?

ऋतुजा_इंदूर

काका रविवारी जाणार आहे आणायला. पळसाची पानं मी धुऊन ठेवणार आहे.